तीन अंदाजांतून एक मुदत: सूत्राचा वाद आज कुठे आहे

एखादे काम किती दिवसांत होईल, या प्रश्नाला साईटवरचा अनुभवी माणूस एका आकड्यात उत्तर द्यायला कां-कू करतो. सगळे जुळून आले तर इतके, एरवी इतके आणि अडचणी आल्या तर इतके, असे तो तीन आकडे सांगतो. वेळापत्रकात मात्र एका कामापुढे एकच आकडा लिहावा लागतो. तीनांचा एक कसा करायचा, यासाठी 1950 च्या दशकाच्या अखेरीस एक सूत्र निघाले. ते आजही स्थापत्य अभियांत्रिकीच्या आणि व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांना शिकवले जाते, परीक्षेत विचारले जाते आणि कंत्राटदारांच्या संगणकांत वापरले जाते. या सूत्रावर गेली साठेक वर्षे वाद चालू आहे. त्यात कोणत्या बाजू आहेत, काय मिटले आणि काय मिटले नाही, याचा हा आढावा आहे. चर्चा हवेत राहू नये म्हणून गिरगाव ते लालबाग या पट्ट्यातल्या बांधकामाचे एक उदाहरण शेवटपर्यंत सोबत घेतले आहे.

सूत्र आले कुठून

अमेरिकी नौदलाने पाणबुडीतून सोडायच्या पोलारिस क्षेपणास्त्राचे काम हाती घेतले, तेव्हा त्यातली बरीच कामे पूर्वी कोणी केलेलीच नव्हती. त्यामुळे किती वेळ लागेल हे जुन्या नोंदी पाहून सांगता येत नव्हते. 1958 च्या सुमारास नौदलाचे विशेष प्रकल्प कार्यालय, बूझ, ॲलन अँड हॅमिल्टन ही सल्लागार संस्था आणि लॉकहीड कंपनी यांच्या माणसांनी मिळून पर्ट ही पद्धत बसवली. माल्कम, रोझबूम, क्लार्क आणि फेझर यांनी ती 1959 मध्ये शोधनिबंधातून मांडली. प्रत्येक कामाचे तीन अंदाज अभियंत्यांकडून घ्यायचे: आशावादी (a), सर्वाधिक संभवणारा (m) आणि निराशावादी (b). त्यावरून कामाची अपेक्षित मुदत आणि तिच्यातली अनिश्चितता अशी काढायची:

```
E = (a + 4m + b) / 6
S = (b - a) / 6
```

E ही भारित सरासरी आहे. मधल्या आकड्याला चार भार आणि दोन टोकांना एकेक. S म्हणजे प्रमाण विचलन, प्रत्यक्ष मुदत सरासरीच्या आजूबाजूला साधारण किती हलेल याचे माप. टोकांमधले अंतर म्हणजे सहा विचलने, असे यात धरले आहे.

साधारण त्याच काळात ड्यूपाँट कंपनीसाठी केली आणि वॉकर यांनी सीपीएम ही दुसरी पद्धत तयार केली. तिच्यात प्रत्येक कामाला मुदतीचा एकच अंदाज पुरत असे. रासायनिक कारखान्याच्या देखभालीची कामे पुन्हापुन्हा होत, त्यामुळे त्यांचे दिवस माहीत असत. तीन अंदाजांची गरज पडली ती अनोळखी कामांमुळे. पुढे पाठ्यपुस्तकांत दोन्ही पद्धती एका जोडनावाखाली आल्या आणि हा फरक काहीसा पुसट झाला.

सूत्रामागे बीटा नावाचे संभाव्यता-वितरण आहे. त्याला दोन्ही बाजूंना ठाम टोके असतात आणि त्याचा उंचवटा डावीकडे किंवा उजवीकडे कलू शकतो, म्हणून कामाच्या मुदतीला ते शोभून दिसते. पण हे वितरण पुरते ठरवायला चार गोष्टी लागतात आणि अभियंता सांगतो तीनच. चौथी जागा भरण्यासाठी विचलन हे पल्ल्याचा सहावा भाग, असे गृहीत धरले गेले आणि त्यावरून सरासरीचे सोपे सूत्र बसवले. चार जणांपैकी क्लार्क यांनी 1962 मध्ये एका छोट्या टिपणात हे स्वतःच स्पष्ट केले. कामांच्या मुदती प्रत्यक्षात कशा पसरतात याची माहिती आपल्याजवळ नव्हती आणि बीटाच योग्य असा आपला दावा नाही, असा त्याचा आशय होता.

उदाहरण: गिरगावातला एक पाया

हे उदाहरण काल्पनिक आहे, पण या भागातल्या पुनर्विकासात नेहमी दिसणारे आहे. गिरगावातली एक जुनी उपकरप्राप्त इमारत पाडून झाली आहे. भाडेकरू संक्रमण शिबिरात किंवा भाड्याच्या घरात गेले आहेत. आता एका तळघराएवढी खोदाई करून, राफ्ट टाकून जोत्यापर्यंत यायचे आहे. प्लॉट चिंचोळा, दोन्ही बाजूंना जुन्या इमारती, समुद्र जवळ असल्याने खाली लवकर पाणी लागते. म्हणून आधी कडेने शोअर पाइल्स, मग टप्प्याटप्प्याने खोदाई आणि सोबत पाणी उपसण्याचे पंप. गल्ली अरुंद असल्याने राडारोड्याचे डंपर आणि काँक्रीटच्या गाड्या ठरावीक वेळीच आत येऊ शकतात.

साईट इंजिनीअर सांगतो: सगळे सुरळीत झाले तर 6 आठवडे, नेहमीसारखे चालले तर 9, आणि शेजारच्या भिंतीला तडे गेले, खडक लागला, डंपर अडले तर 24. सूत्रात आकडे घातले की (6 + 36 + 24) भागिले 6, म्हणजे 11 आठवडे. विचलन (24 − 6) भागिले 6, म्हणजे 3.

अपेक्षित मुदत नेहमीच्या मुदतीपेक्षा दोन आठवड्यांनी जास्त आली, यात गणिताची चलाखी नाही. 9 च्या अलीकडे सुटायला जागा तीनच आठवड्यांची आहे आणि पलीकडे अडकायला पंधरा आठवड्यांची. बांधकामातली बहुतेक कामे अशीच उजवीकडे लांबलेली असतात. म्हणून प्रत्येक कामाचा नेहमीचा आकडा घेऊन बेरीज केली, तर एकूण वेळापत्रक पहिल्या दिवसापासूनच तोकडे असते. तीन अंदाजांच्या पद्धतीचा हा मुख्य लाभ आहे आणि तो टीकाकारही नाकारत नाहीत.

पहिली बाजू: भार बदला

पहिला वाद 4 या आकड्यावर. चारच का? 1962 मध्ये ग्रब्ज यांनी सूत्रामागची संख्याशास्त्रीय गृहीतके उघडी पाडली. पाठोपाठ मॅकक्रिमन आणि रायावेक यांनी बीटाऐवजी दुसरे एखादे वितरण खरे असेल तर चूक किती होईल, हे तपासले. अगदी वाईट स्थितीत सरासरीतली चूक पल्ल्याच्या एक-तृतीयांशापर्यंत जाऊ शकते, असे त्यांना दिसले. अशी टोकाची स्थिती क्वचित येते आणि बऱ्याच कामांच्या बेरजेत उलटसुलट चुका काही प्रमाणात एकमेकींना खातात, हेही त्यांनी नोंदवले.

त्यानंतर पर्यायी सूत्रे येत राहिली. वरवर ती अगदी वेगळी दिसतात, पण बरीचशी एकाच साच्यात बसतात. मधल्या आकड्याचा भार k धरला तर साचा असा होतो:

```
E = (a + k*m + b) / (k + 2)
```

k म्हणजे 4 घेतला तर मूळ सूत्र. k म्हणजे 1 घेतला तर साध्या त्रिकोणी वितरणाची सरासरी, म्हणजे तिन्ही आकड्यांची बेरीज भागिले 3. गोलेंको-गिन्झबर्ग यांनी 1988 मध्ये (2a + 9m + 2b) भागिले 13 हे सूत्र सुचवले, त्यात k साडेचार आहे. पेरी आणि ग्रेग यांच्या 1975 च्या सूत्रात k फक्त 0.95 आहे.

गिरगावच्या पायाला ही चार सूत्रे लावून पाहू. साडेचार भाराने 10.8 आठवडे, मूळ सूत्राने 11, त्रिकोणी सरासरीने 13, पेरी-ग्रेग यांच्या सूत्राने 13.1. माणूस तोच, त्याचे आकडेही तेच, पण उत्तरांत दोन आठवड्यांहून जास्त अंतर. मुंबईत 1 मार्चला सुरू केलेल्या कामासाठी हे दोन आठवडे म्हणजे मेचा मध्य आणि मेची अखेर यांतला फरक.

या बाजूचे म्हणणे असे की भार कामाच्या जातीनुसार निवडावा. अंदाज देणाऱ्याला मधल्या आकड्याची खात्री असेल तर k मोठा, नसेल तर लहान. अनेक जोखीम-विश्लेषण आज्ञावलींत हा भार वापरणाऱ्याला बदलता येतो. विरुद्ध बाजू विचारते, की k ठरवायचा कोणी आणि कशावरून? चौथा आकडाही अंदाजानेच ठरवायचा, तर तीनच घ्यायचा मूळ सोपेपणा गेला कुठे?

दुसरी बाजू: टोकांचा अर्थ ठरवा

पेरी-ग्रेग यांचा k इतका लहान का, याचे उत्तर वादाच्या दुसऱ्या टप्प्यात आहे. मूळ सूत्रात a आणि b ही निरपेक्ष टोके आहेत. 6 पेक्षा कमी होणे नाही, 24 पेक्षा जास्त होणे नाही. पण अशी टोके कोणाच्या अनुभवात असतात? वीस पाये घातलेल्या माणसाने वीसांतला सर्वांत वाईट पाहिलेला असतो, शंभरातला नाही. मोडर आणि रॉजर्स यांनी 1968 मध्ये म्हणून सुचवले की विचारायचेच वेगळे: वीसपैकी एखाद्याच वेळी याहून कमी लागेल असा आकडा सांगा, आणि वीसपैकी एखाद्याच वेळी याहून जास्त लागेल असा. ही टोके आतल्या बाजूला सरकलेली असल्याने विचलन काढताना पल्ल्याला सहाने नव्हे, साधारण सव्वातीनाने भागावे लागते.

आपल्या उदाहरणात 18 आठवड्यांच्या पल्ल्याला 6 ने भागले तर विचलन 3 येते. हीच टोके वीसात एक अशी असतील तर विचलन साडेपाचाच्या वर जाते, म्हणजे जवळजवळ दुप्पट. टोके आत आली की त्यांच्याबाहेरही शेपूट उरते, म्हणून सरासरीतही टोकांना जास्त वजन द्यावे लागते. लहान k चे कारण हेच.

1983 मध्ये कीफर आणि बोडिली यांनी अशी बरीच तीन-बिंदू सूत्रे एकमेकांशी ताडून पाहिली. मधला आकडा म्हणून सर्वाधिक संभवणारी मुदत न घेता मध्यक घ्यायचा, म्हणजे निम्म्या वेळा याच्या आत आणि निम्म्या वेळा याच्या पुढे अशी मुदत. दोन्ही टोकांना वीसात एक अशा शक्यतेचे आकडे घ्यायचे. मग टोकांना 0.185 आणि मध्यकाला 0.63 असे भार दिले, तर निरनिराळ्या आकारांच्या वितरणांत सरासरी फार जवळ येते. जुन्या सूत्राच्या चुका त्यांना बऱ्याच मोठ्या दिसल्या.

सैद्धांतिक बाजूने हा मुद्दा आता जवळपास मान्य आहे. टोके नेमकी कोणती हे ठरवल्याशिवाय भारांवर वाद घालण्यात अर्थ नाही. व्यवहारात मात्र तो फारसा उतरलेला नाही. वीसातून एकदा म्हणजे काय, हे कामाच्या गडबडीत मुकादमाला विचारणे अवघड असते आणि उत्तर आले तरी ते वीसातले एक आहे की दहातले, हे त्यालाही सांगता येत नाही.

तिसरी बाजू: माणसाचा अंदाजच आखूड

1979 च्या सुमारास कानमन आणि ट्वर्स्की यांनी दाखवले की योजना आखताना माणूस हातातल्या कामाच्या तपशिलात शिरतो आणि तसल्याच जुन्या कामांचे काय झाले हे विसरतो. यावरचा एक प्रयोग तीन अंदाजांच्या पद्धतीला थेट भिडतो. ब्युलर आणि सहकाऱ्यांनी 1994 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, प्रबंध लिहिणाऱ्या मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना तो किती दिवसांत संपेल हे विचारले. सरासरी अंदाज सुमारे 34 दिवस निघाला. सगळे उत्तम झाले तर सुमारे 27 आणि सगळे बिघडले तर सुमारे 49. प्रत्यक्षात सरासरी 55 हून अधिक दिवस लागले. स्वतःच्या अंदाजाच्या आत संपवणारे एक-तृतीयांशाहूनही कमी होते.

हे आकडे मूळ सूत्रात घातले तर उत्तर 35 दिवस येते. पण खरा मुद्दा पुढे आहे. k काहीही घ्या, भारित सरासरी सर्वांत मोठ्या आकड्याच्या, म्हणजे 49 च्या, पुढे जाऊच शकत नाही. सत्य निराशावादी अंदाजाच्याही पलीकडे असेल तर भार बदलून ते हाती लागत नाही. पहिल्या बाजूचा सगळा वाद इथे गैरलागू ठरतो.

या बाजूचे लोक म्हणूनच आतून अंदाज घेण्याऐवजी बाहेरून बघा म्हणतात. त्याच जातीच्या पूर्वीच्या कामांना ठरल्याच्या किती पट वेळ लागला ते काढा आणि आजच्या अंदाजाला तेवढी वाढ द्या. फ्लिव्हबर्ग यांनी या विचाराला रूप दिले आणि 2004 मध्ये ब्रिटनच्या परिवहन खात्याने मोठ्या प्रकल्पांच्या खर्चासाठी तसे मार्गदर्शन स्वीकारले.

आपल्या पट्ट्यात पाहायचे तर 29 सप्टेंबर 2017 च्या चेंगराचेंगरीनंतर एल्फिन्स्टन रोड-परळ इथला पादचारी पूल लष्कराकडे सोपवला गेला. ऑक्टोबरअखेरीस घोषणा झाली तेव्हा 31 जानेवारी 2018 ची तारीख दिली होती आणि पूल 27 फेब्रुवारीला खुला झाला. 92 दिवसांचे 119 झाले, म्हणजे सुमारे 1.3 पट. शिस्तबद्ध यंत्रणा, तयार सुट्या भागांचा पूल आणि सगळ्या देशाचे लक्ष असताना हे गुणोत्तर आहे. दुसऱ्या टोकाला बीडीडी चाळी आहेत. त्यांच्या पुनर्विकासाचे भूमिपूजन वरळीत एप्रिल 2017 मध्ये झाले आणि तिथल्या पहिल्या 556 घरांच्या चाव्या ऑगस्ट 2025 मध्ये दिल्या गेल्या. दोन्ही बांधकामेच, पण एकाच जातीत टाकता येत नाहीत. पूल रुळांवर उभा राहिला, कोणाच्या घरांच्या जागी नाही. चाळींच्या बाबतीत कोण पात्र, कोण कुठे तात्पुरते राहणार, हे ठरल्याशिवाय खोदाईच सुरू होऊ शकत नव्हती.

हाच बाहेरून बघण्यावरचा मुख्य आक्षेप आहे. त्याच जातीची कामे म्हणजे कोणती? गिरगावातल्या चिंचोळ्या प्लॉटचा पाया वडाळ्यातल्या मोकळ्या प्लॉटच्या पायाशी ताडायचा की काळबादेवीतल्या पायाशी? जात रुंद घेतली तर गुणोत्तर सैल होते, अरुंद घेतली तर नोंदी दोन-चारच मिळतात. शिवाय वाढ मिळणार हे माहीत झाले की अंदाज आधीच बदलू लागतात.

चौथी बाजू: एका कामाचे नाही, साखळीचे बघा

अपेक्षित मुदती काढायच्या त्या मुख्यतः बेरजेसाठी. एकामागून एक येणाऱ्या कामांच्या सरासऱ्या सरळ मिळवता येतात, पण विचलनांचे तसे नाही. समजा पाया, सांगाडा, वीटकाम आणि गिलावा अशी चार कामे आहेत, प्रत्येकाची अपेक्षित मुदत 11 आणि विचलन 3. एकूण मुदत 44 आठवडे. कामे एकमेकांपासून स्वतंत्र असतील तर एकूण विचलन 6, कारण एकात गेलेला वेळ दुसऱ्यात सापडतो. पण उशिराचे कारण एकच असेल, जसे एकाच कंत्राटदाराकडे माणसांची कमतरता, तर विचलन 12 पर्यंत जाते. मूळ पद्धत स्वतंत्र धरते. साईट तशी नसते.

दुसरी अडचण वाटा मिळतात तिथे येते. पाया सुरू करायला महापालिकेचे प्रारंभ प्रमाणपत्रही हवे आणि शेवटच्या भाडेकरूने खोली रिकामी केलेलीही हवी. ठरल्या तारखेपर्यंत प्रत्येकाची शक्यता 70 टक्के असेल आणि एकाचा दुसऱ्याशी संबंध नसेल, तर दोन्ही होण्याची शक्यता 49 टक्केच उरते. वेळापत्रक मात्र दोन्हींपैकी लांबलेल्या वाटेची सरासरी घेऊन पुढे जाते, म्हणून ते नेहमीच आशावादी निघते. हा दोष 1960 च्या दशकाच्या सुरुवातीलाच ओळखला गेला होता आणि त्याबद्दल मतभेद नाहीत.

उपाय म्हणून 1963 मध्ये व्हॅन स्लाइक यांनी माँटे कार्लो पद्धत सुचवली. संगणकाने प्रत्येक कामाची मुदत त्याच्या वितरणातून चिठ्ठी काढल्यासारखी निवडायची, सगळे जाळे हजारो वेळा चालवायचे आणि शेवटच्या तारखा कशा पसरतात ते पाहायचे. मग E काढण्याची गरजच राहत नाही आणि वाटा मिळण्याचा दोष आपोआप सुटतो. पण कामे एकमेकांशी किती बांधलेली आहेत, हे पद्धतीला कोणीतरी सांगावेच लागते. ते न सांगता चालवले तर हजारो फेऱ्यांनंतर मिळणारा सुबक आलेख जुन्याच गृहीतकाचा असतो.

मुंबईचा पाऊस आणि दोन उंचवटे

या चारही बाजूंनी एक गोष्ट धरलेली असते: कामाच्या मुदतीच्या वितरणाला एकच उंचवटा आहे. मुंबईत जमिनीखालच्या कामाला हे लागू पडेलच असे नाही.

गिरगावचा पाया 1 मार्चला सुरू झाला. मेअखेर म्हणजे 13 आठवडे. मूळ सूत्राच्या 11 आणि 3 वरून, वितरण घंटेच्या आकाराचे धरून, तोवर काम संपण्याची शक्यता सुमारे 75 टक्के येते. वेळेत संपले तर ते सरासरी 10 आठवड्यांत संपेल असे धरू. नाही संपले तर? पावसात खड्डा भरतो, उपसा जास्त केला तर शेजारच्या जुन्या इमारतीच्या पायाखालची माती खचण्याची भीती असते, आणि अर्धवट खोदाई तशीच भरून किंवा आधार देऊन ठेवणे सुरक्षित वाटते. मग काम ऑक्टोबरमध्येच पुन्हा उघडते आणि सुरुवातीपासून मोजले तर 32 आठवड्यांवर जाते. साईट इंजिनीअरच्या 24 मध्ये पंप लावून रेटलेले काम होते, थांबलेले नव्हते.

आता अपेक्षित मुदत 10 चे पाऊण अधिक 32 चे पाव, म्हणजे 15.5 आठवडे. ही तारीख जूनच्या मध्यावर पडते. गणित बरोबर आहे, पण जूनच्या मध्यावर हा पाया पुरा होणार नाही. तो एकतर मेमध्ये होईल किंवा ऑक्टोबरमध्ये. 15.5 हा आकडा खर्चाच्या बेरजेसाठी किंवा दहा साईटींच्या एकत्रित अंदाजासाठी चालेल, पण त्या प्लॉटवरच्या भाडेकरूला तारीख म्हणून सांगण्यासारखा नाही.

पाऊसही दर वर्षी एकाच दिवशी येत नाही. मुंबईतली मोसमी पावसाची सर्वसाधारण तारीख 11 जून आहे. 2025 मध्ये तो 26 मेलाच दाखल झाला आणि त्याच दिवशी मेट्रो-3 च्या वरळीतल्या आचार्य अत्रे चौक स्थानकात पाणी शिरले. त्या टप्प्याला खुले होऊन तेव्हा जेमतेम पंधरवडा झाला होता.

अनेक पाठ्यपुस्तके निराशावादी अंदाजातून नैसर्गिक आपत्ती वगळायला सांगतात. पावसाळा आपत्ती नाही, तो दिनदर्शिकेतच आहे. म्हणून एक मत असे की तो तीन अंदाजांत घुसवू नये, कामाच्या दिनदर्शिकेत बंद काळ म्हणून टाकावा आणि अंदाज चालू दिवसांचेच घ्यावेत. दुसरे मत असे की सुरुवातीची तारीखच अनिश्चित असेल तर काम पावसाच्या अलीकडे पडेल की पलीकडे हेही अनिश्चित असते, त्यामुळे दोन वेगळ्या शाखा करून प्रत्येकीला तीन-तीन अंदाज द्यावेत. पहिली पद्धत सोपी आहे, दुसरी खरी परिस्थिती जास्त दाखवते. कोणती कुठे पुरेशी, याचा ठरलेला निकष नाही.

पावसासारख्याच काही शाखा न्यायालयात आणि मंत्रालयात फुटतात. मेट्रो-3 च्या कारशेडची जागा आरे की कांजूरमार्ग, हा प्रश्न 2019 ते 2022 या काळात हलत राहिला. कुलाबा-वांद्रे-सीप्झ हा 33.5 किलोमीटरचा मार्ग ऑक्टोबर 2025 मध्ये पूर्ण लांबीने सुरू झाला आणि सुरुवातीला 23,136 कोटींचा धरलेला खर्च सुमारे 37,270 कोटींवर गेला. हा सगळा फरक एका कारणाचा नाही. पण बोगदा खणणाऱ्या अभियंत्याला त्याच्या बोगद्याचे तीन अंदाज विचारले, तर त्याच्या b मध्ये कारशेडची जागा बदलणे येणार नाही आणि यावे अशी अपेक्षाही कोणी करत नाही.

काय मिटले, काय उरले

नेहमीच्या मुदतींची बेरीज तोकडी पडते आणि तीन अंदाज घेणे एकापेक्षा बरे, हे मिटले आहे. टोके कोणत्या शक्यतेची हे न सांगता घेतलेले आकडे कोणत्याही भाराने नीट जुळत नाहीत, हेही मान्य आहे. वाटा मिळतात तिथे जुनी पद्धत आशावादी ठरते, यावरही एकमत आहे. 4 हा भार गणितातून सिद्ध झालेला नियम नाही, सोयीची निवड आहे, हे त्याच्या कर्त्यांपैकी एकानेच सांगून ठेवले आहे.

तरीही तो टिकला. त्याच्या बाजूने म्हटले जाते की आकडे इतके कच्चे असताना भारातल्या बारीक दुरुस्तीने फरक पडत नाही आणि पाठ असलेले सूत्र चारचौघांसमोर वापरता येते. सॅपोल्स्की यांनी 1972 मध्ये पोलारिसचा इतिहास लिहिताना वेगळे कारण दिले: पर्टचा उपयोग प्रत्यक्ष व्यवस्थापनापेक्षा बाहेरच्यांचा हस्तक्षेप दूर ठेवायला जास्त झाला. दोन्ही कारणे एकाच वेळी खरी असू शकतात.

उरलेले प्रश्न तीन. कामे एकमेकांशी किती बांधलेली आहेत, हे साईटवरच्या माणसाला कळेल अशा भाषेत कसे विचारायचे? दोन उंचवटे असलेल्या कामाला एकच अपेक्षित मुदत द्यावी की नाही? आणि b सांगणाऱ्याला लांबचा आकडा सांगण्याची मुभा आहे का? निविदेत सर्वांत कमी मुदत जिंकत असेल तर तो आकडा गणिताआधीच आखडतो.

पहिले दोन प्रश्न अभ्यासाचे आहेत, तिसरा कंत्राटाच्या अटींचा. पण तिन्हींची तपासणी एकाच गोष्टीवर येऊन अडते. त्याच कामाचे आधी सांगितलेले तीन आकडे आणि नंतर प्रत्यक्ष लागलेले दिवस, या दोन्हींची एकत्र नोंद लागते. पाया जोत्याला आला की त्या 6, 9 आणि 24 चा कागद फायलीत मागे जातो आणि पुढच्या प्लॉटवर साईट इंजिनीअर पुन्हा आठवणीतून तीन आकडे सांगतो. शेजारच्या चार-पाच प्लॉटांचे असे कागद एकत्र ठेवले, तर b च्या पलीकडे किती पाये गेले हे सरळ मोजता येईल. k किती घ्यायचा, हा प्रश्न त्यानंतरचा.